राजीनामा आणि कबुलायत

माझ्या राजीनाम्याचे तीन खर्डे झाले. पहिला लिहिला तो नाईटला, पहाटे चारच्या सुमारास, इंडेंट बुकातल्या रद्द झालेल्या पानाच्या मागे. त्या वेळेला आयसीयूत व्हेंटिलेटरचे श्वास सोडले तर फारसं काही हलत नाही, आणि माणूस खरं लिहितो. तो खर्डा खरा होता, म्हणूनच देण्याजोगा नव्हता. लागोपाठ दोन दिवाळ्यांच्या नाईट ड्युट्या, कधीच न मिळालेले कॉम्प ऑफ, आणि एका डॉक्टरांनी नातेवाइकांसमोर ‘या नुसत्या जीएनएम आहेत’ म्हणून मारलेला शेरा, असं तीन वर्षांचं सगळं त्यात उतरलं होतं. सकाळी ओव्हर देऊन घरी जाताना मी तो कागद बारीक फाडून टाकला. फाडताना बरं वाटलं, हे कबूल करते.

दुसरा खर्डा झेरॉक्सच्या दुकानातला. तिथल्या मुलाच्या कॉम्प्युटरवर राजीनाम्याचा तयार नमुना होता, नाव आणि तारीख तेवढी बदलायची. त्यात ‘आपल्या छत्रछायेखाली’, ‘अनमोल मार्गदर्शन’, ‘जड अंतःकरणाने’ असं सगळं होतं, आणि शेवटी ‘तरी माझा राजीनामा मंजूर करण्याची कृपा व्हावी’. मी तो टाईप करून आमच्या इनचार्ज सिस्टरांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा वर केला, वाचला आणि विचारलं, “अंतःकरण जड झालंय तर जातेस कशाला?” मग पेन घेऊन ‘जड अंतःकरणाने’वर एक रेघ मारली. तारखेपाशी मात्र त्यांचं पेन थांबलं. मी लिहिलं होतं, ‘आजपासून ३० दिवसांनी, म्हणजे दि. १६ ऑगस्ट रोजी’. त्यांनी त्यावर रेघ मारली नाही, फक्त गोल केला. म्हणाल्या, “बाकीचं तुझं तू बघ. ही तारीख मात्र बदलून आण.”

हे सगळं जुलै २०१३ मधलं. मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात तीन वर्षं स्टाफ नर्स होते. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, हा माझा डिप्लोमा. आमच्या वेळी तो साडेतीन वर्षांचा होता. डिप्लोमावालीला पदवी घ्यायची तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करावा लागतो. पूर्णवेळ म्हणजे खरोखरच पूर्णवेळ, सकाळी क्लिनिकल, दुपारी लेक्चर. नोकरी सांभाळून तो होत नाही. सरकारी नोकरीतल्या माझ्या मैत्रिणीला अध्ययन रजा मिळाली. तिनं शिकून परत येऊन ठरावीक वर्षं सेवा करण्याचं लिहून दिलं आणि आपली जागा राखली. तिनं राजीनामा देणं वेडेपणाच ठरला असता, कारण सरकारी सेवेत राजीनामा दिला की मागची सेवा धरत नाहीत. खासगीत अध्ययन रजा हा शब्दच नाही. तिथं जायचं म्हणजे जायचं.

निवड यादीत माझं नाव १५ जुलैला लागलं. २५ जुलैच्या आत मूळ प्रमाणपत्रं दाखवून फी भरायची होती, आणि वर्ग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचे होते. माझ्या नेमणूकपत्रात एकच ओळ होती: एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार. त्या हिशोबानं १७ जुलैला कागद दिला की १६ ऑगस्टला मी मोकळी. वर पंधरा दिवस गावी. शेंगा, आईच्या हातची भाकरी आणि रात्रीची झोप. तीन वर्षांत मला सलग आठ रात्री झोप मिळाल्याचं आठवत नाही.

तारखेवरचा तो गोल घेऊन मी इनचार्ज सिस्टरांच्या टेबलाशी पुन्हा गेले तेव्हा त्यांच्यासमोर ऑगस्टचा रोस्टर होता. त्या रोस्टर पेन्सिलीनं करत. उभ्या रकान्यात नावं, आडव्यात तारखा, चौकटीत एम, ई, एन किंवा ओ. शेजारी खोडरबर, झिजून सुपारीएवढा झालेला. आमच्याकडे दर महिन्याच्या २५ तारखेला पुढच्या महिन्याचा रोस्टर लागायचा. एकदा लागला की त्यावर लोकांचं आयुष्य ठरे. कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाचं रेल्वेचं तिकीट, सगळं त्या एका कागदाला बांधलेलं.

त्यांनी मला शेजारी बसवून हिशोब घातला. तो मी आजही विद्यार्थिनींना तसाच घालून दाखवते. तीस दिवसांचा महिना धरा. आमचं आयसीयू दहा खाटांचं, दर पाळीला पाच सिस्टर, म्हणजे एकीकडे दोन पेशंट. दिवसाला तीन पाळ्या, महिन्याला नव्वद. नव्वद पाळ्यांना पाच जणी म्हणजे साडेचारशे ड्युट्या. साप्ताहिक सुट्ट्या आणि नाईट ऑफ वजा जाता एक सिस्टर महिन्याला पंचवीस ड्युट्या देते. इनचार्ज सोडून आम्ही अठरा जणी होतो. अठरा गुणिले पंचवीस, साडेचारशे. गणित काठोकाठ जुळतं, आणि तिथंच फसगत आहे. त्यात कुणी आजारी पडायला जागा नाही, बाळंत व्हायला तर नाहीच. नर्सिंगच्या पुस्तकांत रजेसाठी राखीव माणसं धरून नेमणुका करायला सांगतात. आमच्याकडे ती राखीव माणसं पुस्तकातच राहिली होती.

त्या महिन्यात आमच्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर होती. म्हणजे पंचवीस ड्युट्या आधीच कमी. पूर्ण महिन्याच्या माझ्या पंचवीस गेल्या की पन्नास. नव्वद पाळ्यांपैकी पन्नास पाळ्यांना पाचाऐवजी चार जणी. दहा खाटांना चार जणी म्हणजे एकीच्या वाट्याला अडीच पेशंट. “अर्धा पेशंट कसा बघतात, ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही,” इनचार्ज सिस्टर म्हणाल्या. अर्धा पेशंट म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. दोघी सिस्टर मिळून ज्याच्याकडे बघतात आणि म्हणून वेळेवर कुणीच बघत नाही, तो. त्याचा दर तासाचा लघवीचा आकडा दोन तासांनी भरला जातो, कूस बदलायची वेळ टळते, सक्शन उशिरा होतं. लगेच काही बिघडत नाही. तीन दिवसांनी माकडहाडावर लाल चट्टा दिसतो, तेव्हा तो नेमका कुठल्या पाळीचा, हे कुणाला सांगता येत नाही.

मी म्हटलं, मी १६ ला गेले काय नि ३१ ला गेले काय, नंतर ही कमतरता पडणारच ना. त्यांनी मान हलवली. पडणार, पण सप्टेंबरचा रोस्टर करताना त्यांना ती आधीच माहीत असेल. दुसऱ्या वॉर्डातून कुणाला उसनी मागतील, मेट्रन मॅडमकडे नवी मुलगी मागतील, कुणाची रजा आधीच पुढे ढकलायला सांगतील. महिन्याच्या मध्यावर मी उठले तर मांडलेला रोस्टर फोडावा लागेल. माझ्या त्या पंधरवड्यात सहा नाईट्स होत्या. त्या कुणाच्या तरी चौकटीत जाणार, म्हणजे तिचे मॉर्निंग हलणार, ते तिसरीकडे जाणार, आणि ज्या मुलीनं ऑफ मागून तिकीट काढलंय तिचं तिकीट वाया जाणार. कागदोपत्री नोटीस तीस दिवसांची होती. त्यांच्यापर्यंत ती खरं तर आठच दिवसांची पोचत होती, १७ ते २५ जुलै. २५ नंतर आलेली नोटीस एका महिन्यापुरती आलेलीच नसते.

तिथं मी हो म्हटलं नाही. पंधरा दिवसांची झोप डोळ्यांसमोर होती, आणि ‘तुमची माणसं कमी, त्याला मी काय करू’ हेही ओठांवर होतं. आजही मला वाटतं की ते चूक नव्हतं. काठोकाठ माणसं ठेवून रुग्णालय चालवणाऱ्यांनी आपला हिशोब जाणाऱ्या मुलीच्या सभ्यतेवर भागवावा, हे काही न्यायाचं नाही.

त्या रविवारी गावी जाऊन आले. आमचे आण्णा तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कागद दाखवला. आण्णांनी मजकुराकडे पाहिलंच नाही. वरच्या ‘विषय : राजीनामा’ या शब्दावर बोट ठेवून ते हसले. म्हणाले, “आमच्याकडं राजीनाम्याला एकट्याला किंमत नव्हती. सोबत कबुलायत लागायची.”

मुंबई इलाख्याच्या जुन्या रयतवारीत जमीन सोडणारा कुळवाडी सरकारला जो कागद लिहून देई, त्याला राजीनामा म्हणत. शब्द फारसीतला, राजी असल्याचा लेख, संमतीपत्र. मी आपखुशीनं सोडतो आहे, कुणी मला हुसकलेलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. आणि जो ती जमीन पुढे घेई, तो लिहून देई कबुलायत, की सारा मी भरीन. दोन्ही कागद जोडीनं दप्तरात लागत. वहिवाट एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधे जमीन बेवारशी पडू नये आणि सारा बुडू नये, असा सरकारचा स्वार्थ त्यात होता. आण्णा पुढे म्हणाले, की १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही जमीन सोडायची झाली तर शेतीचं वर्ष संपायच्या किमान तीस दिवस आधी तहसीलदाराला लेखी कळवावं लागतं, आणि सुटका होते ती पुढच्या शेतीवर्षापासून. मधेच नाही. “तीस दिवस हे वर्ष संपायच्या आत मोजायचे असतात, पोरी. तू तर सुगीच्या मधे तीस मोजलेस.”

मी काही लगेच सद्गदित झाले नाही. मी म्हटलं, आण्णा, कबुलायत कुणी लिहून द्यायची ते रुग्णालयानं बघावं, मी का? ते म्हणाले, बरोबर आहे, तू नको बघूस. फक्त त्यांना बघायला वेळ ठेव.

तिसरा खर्डा मी एस.टी.त मनात लिहिला आणि खोलीवर येऊन कागदावर उतरवला. तो असा होता:

‘प्रति, मा. मेट्रन. मार्फत : इनचार्ज सिस्टर, अतिदक्षता विभाग. विषय : सेवेचा राजीनामा. महोदया, मी दि. १ जुलै २०१० पासून आपल्या रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून काम करत आहे. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग या दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली आहे, म्हणून मी सेवेचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रानुसार एक महिन्याची नोटीस आवश्यक आहे. तथापि ऑगस्ट महिन्याचा ड्युटी रोस्टर पूर्ण करून दि. ३१ ऑगस्ट २०१३ रोजी मॉर्निंग ड्युटीनंतर कार्यमुक्त होण्याची माझी तयारी आहे. तोपर्यंत माझ्याकडील कामाचा चार्ज आपण नेमाल त्या सिस्टरकडे देईन. कार्यमुक्तीचा आदेश व अनुभवाचा दाखला त्या दिवशी मिळावा, ही विनंती.’

एवढंच. ‘विनंती’ हा शब्द एकदाच, तोही दाखल्यापाशी. राजीनामा कळवायचा असतो, मागायचा असतो तो दाखला. झेरॉक्सच्या नमुन्यात नेमकं उलटं होतं. जाण्यासाठी कृपा मागितली होती आणि दाखल्याचा उल्लेखच नव्हता. आभाराची ओळ मी घातली नाही. ज्यांचे मानायचे त्यांचे तोंडी मानले, आणि ते थोडे होते. ‘मार्फत’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. त्यामुळे कागद आधी इनचार्ज सिस्टरांच्या हातून जातो, त्यावर त्यांना शेरा लिहिता येतो, आणि मेट्रनला बातमी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमधून कळत नाही. निवडपत्राची प्रत जोडली. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतला. रविवार मधे गेल्यानं तारीख २२ झाली होती. नोटीस तरीही तीसहून जास्तच दिवसांची होत होती, आणि २५ अजून तीन दिवस लांब होती.

मूळ प्रमाणपत्रांसाठी वेगळा अर्ज लिहिला. हा सल्ला इनचार्ज सिस्टरांचाच. एका कागदात दोन मागण्या घातल्या की दोन्ही एकाच टेबलावर अडकतात. माझी दहावी-बारावीची, डिप्लोम्याची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मूळ प्रमाणपत्रं रुजू होतानाच रुग्णालयानं ठेवून घेतली होती. तेव्हा हे अनेक ठिकाणी सर्रास चाले. त्याच्या आदल्या दोन वर्षांत देशभरातल्या खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी बॉण्डवरून आणि अशा अडकवलेल्या प्रमाणपत्रांवरून आंदोलनं केली होती. प्रमाणपत्र माझं, ते ठेवून घेण्याचा हक्क कुणाला नव्हता. पण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती आणि फी भरायची मुदत तीन दिवसांवर. मेट्रन मॅडमनी राजीनाम्यावरची ३१ ऑगस्ट ही तारीख पाहिली, अर्जावर ‘पोच घेऊन द्यावीत’ असं लिहिलं आणि मला चहा पाजला. जे माझंच होतं ते परत मिळाल्याबद्दल मी थँक्यू म्हटलं. त्या थँक्यूचा मला अजून राग येतो.

नोटीसच्या काळात वॉर्ड तुमच्याशी वेगळा वागू लागतो. नव्या प्रोटोकॉलच्या मीटिंगला तुम्हाला बोलावत नाहीत. मामा आणि मावश्या ‘सिस्टर, आम्हाला विसरू नका’ असं पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या होतात आणि मग सहा आठवडे तुम्ही रोज त्यांच्यासमोर असता, त्याचं दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. आपल्यालाही एक सवय लागते, ‘आता मला काय’ म्हणायची. एकदा क्रॅश कार्टची तपासणी करताना मी सीलचा नंबर बघितला आणि खण न उघडता सही केली. रात्री खोलीवर गेल्यावर ते आठवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन खण उघडून बघितला. सगळं जागेवर होतं. पण त्या सहीनंतर मी स्वतःवर लक्ष ठेवायला लागले.

नवी मुलगी आली ती १२ ऑगस्टला. लातूरकडची, नुकतीच पास झालेली, कोरा पांढरा गणवेश, खिशाला तीन रंगांची पेनं. मी १६ ला गेले असते तर आमची भेट चार दिवसांची झाली असती. चार दिवसांत आयसीयूत औषधांचं कपाट कुठं आणि लिनन कुठं एवढंच कळतं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट एकटीच्या हाती द्यायला काही आठवडे जातात.

तिला शिकवलेल्यातली एक गोष्ट सांगते, कारण त्या महिन्यात मला ती स्वतःलाच नव्यानं कळली. सात नंबरला सेप्टिक शॉकमधले एक आजोबा होते. त्यांचं ब्लडप्रेशर नॉरअ‍ॅडवर टिकून होतं. नॉरअ‍ॅड, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनालिन, पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये भरून पंपावर लावतात. ताशी पाच मिली चाललं तर सिरिंज दहा तास पुरते. अडचण सिरिंज संपताना येते. या औषधाचा असर शरीरात मिनिटा-दोन मिनिटांतच ओसरतो. जुनी सिरिंज संपली, काढली, नवी लावली आणि पंप सुरू केला, यात वाटतात तेवढेच क्षण जात नाहीत. नव्या सिरिंजच्या दांड्यात आणि पंपाच्या पकडीत किंचित पोकळी असते. पडद्यावर ‘सुरू’ दिसतं, पण ती पोकळी भरेपर्यंत औषध पुढे सरकतच नाही. तेवढ्यात मॉनिटरवरचा आकडा साठावरून चाळिसावर येतो. घाबरलेली सिस्टर मग रेट वाढवते, आणि औषध पोचलं की प्रेशर एकदम एकशेवीसच्या पलीकडे.

म्हणून जुनी संपायच्या अर्धा तास आधी नवी सिरिंज भरून, लेबल लावून, दुसऱ्या पंपावर चढवायची. पुढचं टोक पेशंटला जोडण्याआधी पंप थोडा चालवून थेंब बाहेर आलेला डोळ्यांनी बघायचा. मग जोडून नवी सुरू करायची, जुनी चालूच ठेवून. आर्टेरियल लाइनच्या आकड्यावर नजर. प्रेशर वर सरकायला लागलं की जुनी हळूहळू कमी करत आणायची आणि मग बंद. काही मिनिटं दोन्ही पंप एकाच वेळी चालतात. नव्या मुलीला ते विचित्र वाटलं. “सिस्टर, दोन्ही चालू ठेवले तर डबल डोस नाही का जाणार?” मी म्हटलं, “म्हणून तर हलायचं नाही इथून.” पहिल्यांदा तिचे हात थरथरत होते. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. आकडा ६८ वरून ७३ वर गेला आणि ७० वर थांबला. आजोबांना काही कळलं नाही.

राजीनामा आणि कबुलायत जोडीनं का लागतात, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. आण्णांना फोन करून सांगितलं, तर त्यांना नॉरअ‍ॅडमधलं काही कळलं नाही. ते म्हणाले, मग सारा बुडाला नाही ना, झालं तर.

शेवटच्या आठवड्यात ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन हिंडणं आलं. लायब्ररी, लिनन, फार्मसी, मेस, हॉस्टेल, अकाउंट्स आणि स्वतःचा विभाग, सात सह्या. सहा दोन दिवसांत झाल्या. सातवी अडली, कारण डेड स्टॉकच्या मोजणीत लॅरिंगोस्कोपचं तीन नंबरचं ब्लेड कमी भरलं. ते माझ्या नावावर नव्हतं, विभागाच्या होतं. पण जाणाऱ्या माणसाच्या वेळी जे हरवलेलं सापडतं, म्हणजे हरवल्याचं सापडतं, ते त्याच्या खात्यावर पडतं असा अलिखित नियम आहे. दोन दिवस मी रजिस्टरं चाळली. २० ऑगस्टच्या नाईटला कॅज्युअल्टीनं ते उसनं नेल्याची नोंद सापडली, तीही पेन्सिलीत. ब्लेड कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये इतर तिघांच्या शेजारी निवांत पडलेलं होतं.

३१ ऑगस्टला दुपारी दोन वाजता मी शेवटचा ओव्हर दिला. एक ते दहा, खाटेशी उभं राहून. पेशंटचं नाव, निदान, आजचा बदल, चालू पंप, रक्ताचे यायचे रिपोर्ट, नातेवाइकांशी झालेलं बोलणं. सात नंबरचे आजोबा आदल्या दिवशी वॉर्डात गेले होते. तिथं एक तरुण मुलगा होता, मोटरसायकलवाला. मग मॉर्फिन-फेंटानिलचं कपाट, दुहेरी कुलूप. भरलेल्या अँप्युल मोजल्या, रिकाम्या मोजल्या, रजिस्टरवर माझी सही, खाली घेणारीची सही. किल्ली दिली. इव्हनिंगच्या सिस्टर लगेच कामाला लागल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, केक संध्याकाळी होता आणि इव्हनिंगच्या गडबडीत तो दुसऱ्या दिवशी कापला, माझ्याशिवाय.

कार्यमुक्तीचा आदेश त्याच दिवशी मिळाला. अनुभवाचा दाखला मिळाला महिन्यानंतर, आणि त्यात ‘जुलै २०१० ते ऑगस्ट २०१३’ एवढंच छापलं होतं. मी तो न वाचता फाइलला लावला. दोन वर्षांनी एम.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म भरताना पंचाईत झाली. पोस्ट बेसिकवाल्यांना किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, आधीचा किंवा नंतरचा. माझ्याकडे तीन वर्षांचा होता, पण फॉर्ममध्ये रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिवसासकट हवी, विभागासकट हवी. माझ्याच बॅचची एक मैत्रीण दुसऱ्या रुग्णालयातून नोटीस न देता निघून गेली होती. शुक्रवारी नाईट करून शनिवारपासून आलीच नाही. तिच्या फाइलवर ‘गैरहजर’ लिहून ती बंद झाली होती. तिला दाखला मिळाला नाही, तो अनुभव तिला कुठंच दाखवता आला नाही, आणि एम.एस्सी.साठी तिनं पुन्हा एक वर्ष नोकरी केली. ती पळाली यात मला तिची चूक दिसत नाही, तिचं घरही तसं होतं. पण तिचं एक वर्ष गेलं ते गेलंच.

मी जुन्या रुग्णालयात गेले तेव्हा एचआरमध्ये नवा क्लार्क होता. त्यानं माझी फाइल काढली. वरच माझा राजीनामा, दोन वर्षांत पिवळसर झालेला. खाली इनचार्ज सिस्टरांचं बारीक अक्षर, जे मी तेव्हा पाहिलंच नव्हतं: ‘शिफारस. ऑगस्टचा रोस्टर पूर्ण करते आहे. १ सप्टेंबरपासून एक सिस्टर आवश्यक, १५ ऑगस्टपूर्वी मिळावी.’ त्याखाली मेट्रन मॅडमचं ‘होय’ आणि सही.

क्लार्कनं तारखा टाईप केल्या. मग थांबून म्हणाला, “मॅडम, नोटीस तर महिन्याचीच होती. दहा दिवस जास्त का केलेत?”

“रोस्टर लागायचा होता,” मी म्हटलं. त्याला ते पुरलं नाही, पण त्यानं प्रिंट काढली.

दाखला घेऊन मी वर आयसीयूत गेले. दारात चप्पल बदलली. इनचार्ज सिस्टर त्याच टेबलाशी होत्या, पुढ्यात आडव्या-उभ्या रेघांचा कागद. वर न बघता त्या म्हणाल्या, “बस. आज पंचवीस आहे. आणि तो खोडरबर दे इकडं.”